वस्ताद गेल्यावर मासिकासाठी लिहिताना: आठवण किती, पुरावा किती

तालमीचे वस्ताद गेले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. मासिकातला लेख मात्र गावातल्याच कुणाकडे तरी येतो. तो शाळेतला शिक्षक असतो, जुना पठ्ठा असतो, ग्रंथालयातला कर्मचारी असतो, कधी घरातलीच शिकलेली सून असते. सांगली जिल्ह्यात हे नेहमीचं आहे, कारण इथे तालमी गावोगाव आहेत आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे थोडे. ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बातमी विसरली जाते, मासिकातला लेख राहतो. त्याची झेरॉक्स तालमीत लागते, पुण्यतिथीच्या पत्रकात त्यातली वाक्यं जशीच्या तशी येतात आणि पुढे कुणाला तालुक्याच्या क्रीडा इतिहासावर लिहायचं झालं तर तो याच लेखाचा आधार घेतो. म्हणजे तुम्ही लिहिलेली चूक दहा वर्षांनी पुरावा होऊन बसते. दुसरीकडे, नुसत्या तारखा आणि पदकं मांडली तर वस्तादांच्या पठ्ठ्यांना त्यात आपला माणूस सापडत नाही. लेखात माया हवी आणि खरेपणाही हवा. माझ्या मते विशेषणं जितकी कमी केली तितकी दोन्हींना जागा मिळते. ते कसं साधायचं, ते एका उदाहरणावर बघू.

समजा, मिरज तालुक्यातल्या एका गावचे वस्ताद गेले. गाव त्यांना तात्या म्हणायचं. मासिकाचा अंक निघायला तीन आठवडे आहेत.

पहिला आठवडा: फक्त टिपा

रक्षाविसर्जनाला आणि नंतरच्या शोकसभेला जा. तिथे भाषणं होतील, ती वहीत उतरवून घ्या. प्रत्येक विधानापुढे बोलणाऱ्याचं नाव लिहा. तात्यांच्या शोकसभेत समजा ही चार विधानं आली: तात्यांनी पाचशे पैलवान घडवले, दोन महाराष्ट्र केसरी दिले, ते एनआयएस प्रशिक्षक होते, वयाच्या ८५व्या वर्षी गेले.

शोकसभेत कुणी खोटं बोलत नसतं, पण कुणी तपासूनही बोलत नसतं. दुःखात माणूस आकडा वरच्या बाजूला गोल करतो. म्हणून घरी आल्यावर वहीच्या पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात कागदावर आहे ते, दुसऱ्यात प्रत्यक्ष पाहिलेला माणूस सांगतो ते आणि तिसऱ्यात ऐकीव. सुरुवातीला जवळपास सगळं तिसऱ्याच रकान्यात जातं. पुढच्या दोन आठवड्यांत एकेक विधान डावीकडे सरकवत न्यायचं आणि जे सरकलं नाही ते लेखात त्याच्या योग्यतेप्रमाणेच लिहायचं.

घरच्यांशी सविस्तर बोलायला तेराव्यानंतर जा. त्याआधी फक्त एवढंच सांगून ठेवा की जुने कागद, फोटो, प्रमाणपत्रं कुणी आवरून टाकू नका. घर आवरताना ट्रंकेतली कात्रणं रद्दीत जातात, हे फार ठिकाणी घडतं. शिवाय कृष्णा-वारणाकाठच्या घरांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आधीच बरंच नेलेलं असतं, त्यामुळे उरलेल्या कागदाचं मोल जास्त.

जन्मतारीख आणि कागद

वय सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच पाय घसरतो. त्या पिढीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पुष्कळदा १ जून हीच जन्मतारीख असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती अंदाजाने टाकलेली असे. तात्यांच्या दाखल्यावर १ जून १९४१ आहे असं समजा. थोरल्या बहिणीला विचारलं तर ती सांगेल, दुष्काळाच्या साली जन्मला, श्रावणात. अशा वेळी लेखात दाखल्यावरचं वर्ष घ्या आणि ‘शाळेच्या दाखल्यानुसार’ एवढे शब्द जोडा. नेमका दिवस द्यायची गरज नाही.

‘८५व्या वर्षी’ आणि ‘८५ वर्षांचे’ यांतही फरक आहे. ८४ पूर्ण होऊन ८५ चालू असेल तर पहिलं बरोबर, दुसरं चूक. बातमीत एक आणि फलकावर दुसरं आलं की घरात वाद होतो, म्हणून बेरीज-वजाबाकी स्वतः करून बघा.

एनआयएसचं काय करायचं? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत दीर्घ मुदतीची पदविका असते आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. गावात दोघांनाही ‘एनआयएस’च म्हणतात. भिंतीवरची चौकट उतरवून वाचा. सहा आठवड्यांचा असेल तर तसं लिहा. चाळिशीतला शेतकरी माणूस ऊस तोडणीला लागायच्या आत सहा आठवडे मोकळे काढून पंजाबात शिकायला गेला, हे वाचकाला ‘एनआयएस प्रशिक्षक’ या शब्दांपेक्षा जास्त सांगून जातं. पुरस्कारांनाही हेच लागू आहे. राज्याचा प्रशिक्षकांसाठीचा पुरस्कार पूर्वी दादोजी कोंडदेव यांच्या नावाने दिला जाई, नंतर ते नाव बदललं. मानपत्रावर जे छापलंय तेच नाव लिहा. मानपत्र जिल्हा परिषदेचं असेल आणि कुटुंब त्याला ‘शासनाचा पुरस्कार’ म्हणत असेल, तर लेखात जिल्हा परिषदेचाच म्हणायचं.

किताबांची तपासणी

आता सगळ्यात नाजूक विधान: दोन महाराष्ट्र केसरी दिले.

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून होते. तिच्या अधिवेशनात वेगवेगळ्या वजनगटांच्या कुस्त्या होतात, माती विभागात आणि गादी विभागात. खुल्या गटात मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात आणि जिंकेल त्याला मानाची गदा मिळते. ‘महाराष्ट्र केसरी’ तो एकटाच. पण ७४ किलोत पदक घेऊन आलेल्या पोराची गावात मिरवणूक निघते, फलकावर ‘महाराष्ट्र केसरी पदक विजेता’ असं लिहिलेलं असतं आणि पाच वर्षांत त्यातले शेवटचे दोन शब्द गळून पडतात. मुद्दाम कुणी गाळत नाही, बोलताना आपोआप जातात.

हे मोठ्या माणसांच्या बाबतीतही होतं. शेजारच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ‘वैयक्तिक’ शब्द गाळून नुसतं ‘पहिलं पदक’ म्हटलं की वाक्य चुकतं, कारण १९४८ मध्ये लंडनला हॉकी संघाने सुवर्ण जिंकलेलं होतं. खाशाबांची थोरवी त्या एका शब्दाने रतीभरही कमी होत नाही. तरीही तो शब्द गाळलेले लेख किती निघतात!

अलीकडच्या किताबांत वर्ष सांगूनही भागत नाही. २०२३ या एकाच वर्षात पुरुषांच्या महाराष्ट्र केसरीच्या तीन स्पर्धा झाल्या. जानेवारीत पुण्याला एक आणि संघटनांच्या वादामुळे नोव्हेंबरात फुलगाव व धाराशिव अशा दोन. पुण्याची आणि धाराशिवची गदा शिवराज राक्षेने घेतली, फुलगावची सिकंदर शेखने. त्याच वर्षी मार्चमध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. म्हणून किताब लिहिताना वर्ष, ठिकाण, वजनगट आणि विभाग या चार गोष्टी विचारून घ्यायच्या. चारही सांगता येत नसतील तर ते विधान अजून तिसऱ्याच रकान्यात आहे असं समजा.

पुरावा कुठे मिळेल? आधी पठ्ठ्याच्या घरी. जो पठ्ठा खेळाडूंच्या आरक्षणातून पोलिसात किंवा दुसऱ्या सरकारी नोकरीत लागला असेल, त्याचं प्रमाणपत्र क्रीडा खात्याने पडताळलेलं असतं. त्याहून भक्कम कागद तुम्हाला मिळणार नाही. मग वर्तमानपत्रांचे जुने अंक, सांगली-मिरजेच्या ग्रंथालयांत जे शिल्लक असतील ते. जत्रेतल्या मैदानांची नोंद मात्र कुठल्याच कचेरीत नसते. तिथे यात्रा कमिटीचं छापील पोस्टर आणि कुस्ती डोळ्यांनी पाहिलेला माणूस हेच साक्षीदार. पोस्टरचा भरवसा अर्धाच धरा. त्यावर ठरलेली जोड आणि बक्षीस असतं, निकाल नसतो. ती कुस्ती चितपट झाली की बरोबरीत सोडवली, हे दोन वेगवेगळ्या गावच्या माणसांना विचारा आणि त्यातला एक हरलेल्याच्या गावचा असू द्या.

तात्यांच्या बाबतीत तपासाअंती असं निघालं असं धरू. एका पठ्ठ्याने ७४ किलो वजनगटात माती विभागात कांस्यपदक मिळवलं, प्रमाणपत्र हातात आहे. दुसरा खुल्या गटात माती विभागाच्या उपांत्य फेरीत हरला. गदा कुणालाच नाही.

पठ्ठा नेमका कुणाचा

त्या दुसऱ्या पठ्ठ्यात आणखी एक गाठ आहे. तो पंधराव्या वर्षापर्यंत तात्यांकडे होता, मग कोल्हापूरच्या तालमीत गेला. आपल्याकडची रीतच ती आहे. पोरात दम दिसला की गावचा वस्ताद स्वतः त्याला कोल्हापूरला नेऊन सोडतो. पुढे तो मोठा झाला की दोन्ही वस्ताद ‘आमचा पठ्ठा’ म्हणतात आणि दोघांचंही खरं असतं. लेखात ‘तात्यांनी घडवलेला’ लिहिलं तर कोल्हापूरकर दुखावतात, नाव गाळलं तर गाव दुखावतं.

यावर उपाय म्हणजे क्रियापद नेमकं वापरायचं. ‘घडवला’ हे क्रियापद सगळं गिळून टाकतं. त्याऐवजी काय केलं ते लिहा. पहिला लंगोट बांधला, अमुक साली ते अमुक सालापर्यंत मेहनत करून घेतली, ढाक आणि एकचाक शिकवलं, मग अमुक तालमीत पोचवलं. पठ्ठ्यालाच विचारा, की कुठला डाव कुणाकडून आला. कुस्तीगीर हे कधी विसरत नाही आणि ते सांगताना बहुधा उभा राहून करूनच दाखवतो. तो सांगेल, ‘पट काढायला कोल्हापुरात शिकलो, पण पट निघाल्यावर घाई करायची नाही, हे तात्यांचं.’ असं वाक्य मिळालं तर ते जसंच्या तसं घ्या. त्यात श्रेयाची वाटणीही आली आणि तात्याही आले.

आणि पाचशे पैलवान? इथे साधं गणित करा. तालमीत मुक्कामाला एका वेळी किती मुलं असायची? समजा पंचवीस. तालीम १९७८ ते २०१६ म्हणजे ३८ वर्षं चालली. मुलगा सरासरी चार वर्षं राहायचा. पंचवीस गुणिले अडतीस भागिले चार, म्हणजे अडीचशेच्या आत. रोज घरून येऊन-जाऊन करणारी पोरं धरली तर पाचशे होतीलही, पण सगळे पैलवान होणार नाहीत. लेखात ‘एका वेळी वीस-पंचवीस मुलं मुक्कामी असत, अडतीस वर्षं’ एवढंच लिहा. वाचक स्वतः गुणाकार करतो आणि त्याला तालमीतली रांगेने पसरलेली अंथरुणंही दिसतात.

जवळचं दिसेल असं विचारा

‘तात्या कसे होते?’ असं विचारलं की ‘देवमाणूस’ हेच उत्तर येतं. विचारणाऱ्याचा दोष, सांगणाऱ्याचा नाही. प्रश्न हाताशी येईल असा हवा. पहाटे तालमीत आल्यावर तात्या आधी काय करायचे? कुस्ती हरून आलेल्या पोराशी कधी बोलायचे, त्याच रात्री की दुसऱ्या दिवशी? खुराकाचे पैसे संपले की कुणाच्या दारात जायचे? रागावले की कोणता शब्द वापरायचे? हे प्रश्न तीन वयोगटांतल्या पठ्ठ्यांना विचारा: आज साठीत असलेल्या एकाला, चाळिशीतल्या एकाला आणि शेवटच्या तुकडीतल्या एकाला. माणूस चाळीस वर्षांत बदलतो. एकाच पिढीला विचारलं तर अर्धाच वस्ताद हाती येतो.

तात्यांच्या घरातल्या बायकांना न विचारता लेख पुरा करू नका. पंचवीस पोरांच्या भाकरी कुणी थापल्या, म्हशी किती होत्या, दागिने कधी गहाण पडले, हे पठ्ठ्यांना माहीत नसतं. काकूंना माहीत असतं. त्यांनी ते छापू नका म्हटलं तर छापू नका, पण लेखात ‘तात्यांनी एकट्याने तालीम चालवली’ हे वाक्यही मग येऊ देऊ नका.

जे अवघड आहे ते

प्रत्येक जुन्या वस्तादाच्या गोष्टीत काहीतरी खुपणारं असतं. तात्या छडीने मारायचे. एक मुलगा त्यापायी तालीम सोडून गेला. २०११ पर्यंत त्यांनी मुलींना तालमीचा उंबरा ओलांडू दिला नाही. श्रद्धांजलीत हे घ्यायचं का?

मी दोन गोष्टी बघतो. त्या गोष्टीने त्यांच्या प्रशिक्षणाला काही वळण दिलं का, आणि ती दोन माणसं आपल्या नावानिशी सांगायला तयार आहेत का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर गोष्ट घ्यावी, एका-दोन वाक्यांत, विशेषणाशिवाय आणि समर्थनाशिवायही. ‘तो काळच तसा होता’ हे लिहू नका. मार खाल्लेल्याला ते वाचताना काय वाटेल? मुलींचं उदाहरण घ्या. ‘२०११ पर्यंत तालमीत मुलींना प्रवेश नव्हता. त्या वर्षी तात्यांच्या नातीने हट्ट धरला, तात्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅट टाकली आणि तिथे सहा मुली यायला लागल्या.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि शेजारी ठेवल्या की माणूस पुरा दिसतो. पहिली गाळली तर दुसरीचं वजनच राहत नाही.

घरातले वाद, जमिनीची भांडणं, शेवटच्या आजारातले तपशील यांचा तालमीशी संबंध नाही. ते सोडून द्या. मृत्यूचं कारण कुटुंब सांगेल तेवढंच.

लिहायला बसल्यावर

पहिला खर्डा बहुतेकांचा असा येतो:

‘तात्या म्हणजे चालतंबोलतं कुस्तीचं विद्यापीठ. उभं आयुष्य त्यांनी लाल मातीला वाहिलं. शेकडो मल्ल घडवून त्यांनी महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी दिले. त्यांच्या जाण्याने कुस्ती क्षेत्राची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे.’

यातलं तात्यांचं नाव काढून कोल्हापूरच्या किंवा सोलापूरच्या कुठल्याही वस्तादांचं घातलं तरी चालेल. खर्डा फसल्याची ही खूण. आता तपासलेल्या गोष्टींवरून तोच मजकूर:

‘पहाटे चारला तालमीचं दार तात्यांच्या किल्लीने उघडायचं. पोरं जोर मारायला लागेपर्यंत ते हौद्याच्या कडेला बसून माती चाळत. खडा सापडला की सदऱ्याच्या खिशात टाकत. सांगलीच्या बाजारातून हळद आणून ताक, तेल, लिंबू आणि कापरासोबत ती मातीत मिसळायचं काम त्यांनी कधी पोरांवर सोडलं नाही. १९७८ ते २०१६ या काळात इथे एका वेळी वीस-पंचवीस मुलं मुक्कामी असत. त्यांतल्या एकाने महाराष्ट्र केसरी स्पर्धेत ७४ किलो माती विभागात कांस्यपदक मिळवलं. दुसऱ्याला तात्यांनी पंधराव्या वर्षी स्वतः एसटीने कोल्हापूरला नेऊन सोडलं. पुढे तो खुल्या गटाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला.’

किताब दोनावरून शून्यावर आले, तरी दुसऱ्या मजकुरातले तात्या मोठे वाटतात. खिशातला खडा चाळिशीतल्या पठ्ठ्याने सांगितला आणि काकूंनी धुण्याच्या वेळी खिसे रिकामे करावे लागायचे म्हणून दुजोरा दिला, असं असेल तरच तो लिहा. एवढा सुरेख तपशील एकाच तोंडून आला असेल तर सांगणाऱ्याचं नाव देऊन लिहा.

आदरार्थी बहुवचन पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत सारखं ठेवा. पहिल्यांदा पूर्ण नाव, मग गाव म्हणत असे ते नाव, ‘कै.’ एकदाच. पठ्ठे त्यांना ‘अरेतुरे’ने आठवत असतील तर ते अवतरणात तसंच राहू द्या, सुधारू नका. लेख हजार-बाराशे शब्दांत बसवा. मासिकाची दोन पानं म्हणजे फोटोसह साधारण तेवढंच.

छापायला देण्याआधी

कुटुंबाला पूर्ण लेख वाचून दाखवायचा का, हा प्रश्न नेहमी येतो. मी तारखा, नावं, नाती आणि त्यांची स्वतःची वाक्यं वाचून दाखवतो. बाकी लेखाची जबाबदारी लिहिणाऱ्याची. मात्र महाराष्ट्र केसरीचं विधान बदललंय, हे त्यांना अंक हाती पडायच्या आधी तुमच्या तोंडून कळायला हवं. प्रमाणपत्र समोर ठेवून सांगा. राग आला तरी थोडा वेळ बसा, चहा घ्या, उठून येऊ नका. त्या पदकविजेत्या पठ्ठ्यालाच सोबत नेलं तर बरं, कारण ‘मी गदा घेतली नाही, काकू’ हे त्याने म्हणणं आणि तुम्ही म्हणणं यात फरक पडतो.

फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, मागची रांग वेगळी, अशी फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्या. बॉलपेन नको, ते पुढून उमटतं. ओळख न पटलेल्या जागी ‘अनोळखी’ लिहा, अंदाजाने नाव घालू नका. मूळ फोटो आणि प्रमाणपत्रं मोबाइलवर नीट उजेडात टिपून ठेवा, घरच्यांनाही त्याची एक प्रत पाठवा आणि मूळ कागद नेताना जशी यादी केली असेल तशी सही घेऊन परत करा.